मधुकरराव हलके झाले

चुलीवर भाताच्या गंजावरचं झाकण खडखडलं, तशी उषा ते सारायला ओसरीवरून उठली. मधुकररावांनी संधी साधली. सहज विचारावं तसं सुनेला विचारलं, पोस्टमन येऊन गेला काय. उषा नाही म्हणाली. पत्र आठ दिवसांपूर्वीच आलंय आणि सासऱ्यांच्या, म्हणजे तिच्या मामाजींच्या, अंगातल्या बंडीच्या खिशात आहे, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पत्र सुलोचनाचं, त्यांच्या मुलीचं. दोन वर्षांपूर्वी तिनं तुमसरच्या राइस मिलमधल्या मुनिमाशी आपल्या मर्जीनं लग्न केलं होतं. तेव्हा मधुकररावांनी चारचौघांत सांगितलं, माझ्यासाठी ती मेली. मेलेल्या मुलीचं पत्र ते दिवसातून तीनदा वाचत. तिला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं म्हणून कोणी घ्यायला येईल का, एवढंच तिनं विचारलं होतं.

मधुकररावांपुढे सध्या याहून मोठा प्रश्न होता. आंबागडच्या मंडईतल्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या, नाटकात बापाचं काम दरवर्षी त्यांचंच. गेल्या साली तिथल्या नाट्यस्पर्धेच्या परीक्षकानं शेरा मारला होता, ‘कॅथार्सिस होत नाही.’ गावानं यावर पुष्कळ विचार केला. कंपाउंडर भय्याजींनी एरंडेल सुचवलं. उषा लग्नाआधी नागपुरात वर्षभर नाट्यशास्त्र शिकत होती. पदविकेऐवजी तिला छबी मिळाली होती; ती लेक आता चार वर्षांची. छबीला मांडीवर थोपटत तिनं शिकवणी सुरू केली. सासरे वही घेऊन समोर बसले, अर्थात दार लोटून.

भय्याजी फारसे चुकले नाहीत, असं तिनं सांगितलं. ग्रीकांचा हा शब्द पोट साफ करणाऱ्या वैद्याचाही होता आणि पूजेचाही. कोणी त्याला भावनांचा निचरा म्हणतं, कोणी शुद्धी, तर कोणी म्हणतं, त्या भावनांमागचं सत्य उमगणं. पंडितांचं भांडण अजून मिटलेलं नाही. पण आधी करुणा आणि भय उभं राहिलं पाहिजे, आणि मामाजींच्या नाटकात ते राहत नव्हतं. बाप देवमाणूस. त्यानं हाकललेली मुलगी साप चावून मरते.

“देवमाणसावर उगाच संकट आलं त मामाजी, नुसती चीड येते. दुष्टावर आलं त बरंच वाटते. पण आपल्यासारखा माणूस चुकला अन् चुकीपेक्षा शिक्षा मोठी भेटली, की कीव येते. अन् तो आपल्यासारखा आहे, म्हणून भेव वाटते.”

साप तिनं काढून टाकला. सापात बापाचं काय कर्तृत्व? त्याऐवजी बापच मुलीला गावचा रस्ता बंद करतो. म्हणून माफी मागायला ती संध्याकाळी कोरड्या कालव्यातून चालत येते. त्याच वेळी गावाचं धान वाचावं म्हणून बाप तलावाचं पाणी कालव्यात सोडतो. भल्यासाठी केलेलं उलटतं, आणि पाण्यात वाहत आलेलं लुगडं पाहून त्याला कळतं, की दोन्ही हुकूम आपलेच. उलटणं आणि उमगणं एकाच क्षणी.

मधुकररावांची पेन्सिल थांबली. त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, “अन् त्याले वेळेवर कळलं असतं त?”

“त नाटक पडलं असतं, मामाजी. पोरगी घरी आली असती.”

हे सगळं ती कोणासाठी शिकवत होती, हे वेगळं सांगायला नको. मधुकररावांनी ते वाक्य वहीत उतरवलं. खाली दोन रेघाही मारल्या.

मंडईत नाटक उभं राहिलं, आणि शास्त्र तंतोतंत खरं ठरलं. बाया रडल्या. ज्यांनी लेकींचे हिस्से गिळले होते तेही उपरण्यात तोंड खुपसून रडले. मधुकररावांचा हंबरडा ऐकून उषानं छबीला जवळ ओढलं; तो हंबरडा नाटकातला नव्हताच. लोकांनी वन्समोअर दिला. मुलीचं काम करणारा कवडू लुगडं सावरत उठला आणि पुन्हा बुडून मेला. बाप दुसऱ्यांदा अधिक चांगला रडला.

दुसऱ्या दिवशी मधुकरराव उन्हं वर आल्यावर उठले. दोन वर्षांत पहिल्यांदा ते इतके झोपले होते. भात दोनदा मागून घेतला. उषानं शेजारच्या केवळरामला बैलबंडी जुंपून तयार राहायला सांगितलंच होतं. तुमसर काही लांब नाही.

“उषा, तू सांगतलं तसंच झालं पाह्य,” ते म्हणाले. “दोन वर्षांचा दगड होता छातीवर. पार उतरला. आता काहीच वाटून नाही राहिलं.”

मग त्यांनी अंगातली बंडी धुवायला काढली, खिसा रिकामा केला आणि पत्र तिच्या हातात दिलं. कुठंही ठेव, म्हणाले. आणि शीळ घालत मिशी कातरायला बसले.

उषा पत्र घेऊन दारापाशी आली. बाहेर केवळरामची बैलबंडी जुंपून उभी होती. छबीनं तिचा पदर ओढला.

“आई, आबाजीचं रडणं त सरलं. आता आत्यासाठी कोण रडन?”