पुढं झुकलेला माणूस

श्रीशैल टेबलावर कोपरं टेकवून पुढं झुकला, तेव्हा अंबिकानं मनातल्या मनात नाक मुरडलं. औसा रोडवरच्या या कॅफेत येऊन बसतात न बसतात तोच गडी झुकला. झुकणारच. नांदेडात घरचं साड्यांचं दुकान. बायकांसमोर झुकणं हा तर पिढीजात धंदा.

अंबिका लातुरात एका कोचिंग क्लासच्या ॲडमिशनला बसायची. समोरचे आईबाप परत येणार की नुसते चौकशी करून जाणार, ते तिला बसण्याउठण्यावरून कळायचं. पाठ टेकून ऐकणारे बाप जाणारे. निरोप घेऊन झाल्यावर पुन्हा दारात थांबून मेसचं जेवण कसं असतं विचारणाऱ्या आया येणाऱ्या. एवढ्या विद्येपुढं एका साडीवाल्याची काय कथा.

खरं तर बघण्याचे कार्यक्रम करून घरचे थकले होते. ही पहिलीच भेट, जी तिनं स्वतः ठरवली होती, मोठी माणसं वगळून. ही फिसकटली की दानम्मा मावशी पुन्हा पोह्यांच्या बश्या काढणार होती. शिवाय महिनाभर फोनवर ऐकलेला त्याचा आवाज तिला आवडला होता. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःला तर मुळीच नाही.

श्रीशैल डोळ्यांत बघून बोलत होता. मोबाईल पालथा ठेवलेला. बरं वाटायला हरकत नव्हती. पण तेवढ्यात वेटर आला, तर हा त्याच्याकडंही तसाच झुकला, तसंच डोळ्यांत बघून चहा सांगितला. अंबिका मनाशी हसली. जो सगळ्यांसमोरच झुकतो त्याचं झुकणं मोजायचं नसतं. बघायचं ते एवढंच, की आपल्यासाठी काही वेगळं होतंय का.

म्हणून तिनं परीक्षा घेतली. ती मागं सरकली. मन गुंतलेला माणूस नकळत आपल्यासारखं करायला लागतो. पण हा बसला होता तसाच. मग तिनं तिच्या क्लासच्या पोरांचा एक किस्सा सांगितला. तो हसला, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडेपर्यंत. हे हसू खरं होतं. पुढं काय झालं, म्हणून त्यानं दोनदा विचारलं. अंबिकालाही हसू येत होतं. तिनं ते दाबलं आणि आणखी बारकाईनं बघायला लागली.

आणि तिच्यादेखत माणूस विझत गेला. आधी कोपरं टेबलावरून उतरली. मग पाठ खुर्चीला टेकली. हाताची घडी पडली. नजर तिच्यावरून खिडकीवर, खिडकीवरून घड्याळावर. एसटीची वेळ त्यानं उगाचच सांगितली. झालं, अंबिकानं ओळखलं. माल बघितला, पसंत नाही पडला. साडीवालाच तो, घडी घालून ठेवणार आणि पुढची काढणार.

तो उठला. थांबणं नाही, घुटमळणं नाही, काही विसरल्यासारखं मागं वळणं नाही. दाराशी मात्र ती स्वतःच बोलून गेली, आणि आवाज तिला हवा होता त्याहून तिखट निघाला.

"एवढ्या लवकर निकाल लागला म्हणायचा."

श्रीशैल वळला.

"निकाल तर तुम्ही आल्या आल्याच लावलात, मॅडम. लहानपणापासून दुकानाच्या गादीवर बसून राहिलो, तेवढं कळतंय. जी बाई पर्स मांडीवरची खाली ठेवत न्हाई, ती साडी घेत न्हाई. तुम्ही तर चहा पण उष्टावला न्हाई. नजर अशी, जशी मी पेपर लिहून राहिलोय अन् तुम्ही पर्यवेक्षक. लई वेळ झुकून बघितलं मी. मग म्हटलं, कशाला बळंच."

अंबिकानं स्वतःकडं बघितलं. हात मांडीवर, पाठ ताठ, समोरच्या बशीला हात लावायचा नाही, आपण होऊन हसायचं नाही. दानम्मा मावशीनं पहिल्या कार्यक्रमाआधी शिकवलेलं बसणं ते. पोरगी थिल्लर दिसू नये म्हणून. मोठी माणसं तिनं घरी ठेवली होती, पण बसणं सोबत आणलं होतं. तिनं त्याचं बोट न् बोट वाचलं होतं, आणि त्याला वाचायला मात्र एक भिंत दिली होती.

"बसता का परत?" ती म्हणाली. "एसटी दुसरी पण असते."

तो बसला. या वेळी पुढं झुकला नाही, नुसता बसला. अंबिकानं पर्स टेबलावर ठेवली, तेव्हा तिला दिसलं, पट्ट्याचा लालभडक वळ तिच्या तळहातावर उमटला होता.