चिंतनाचा मान

यशवंतरावांनी डोळे मिटायला सांगितले आणि कार्यकारिणीतल्या सगळ्यांनी ते मिटले. अध्यक्ष एकनाथरावांनी एक जरासा किलकिला ठेवला होता. पण चौदा वर्षं अध्यक्ष असलेल्या माणसाला तेवढं चालतं.

हैदराबादेत बरकतपुऱ्यातल्या मराठी सत्संग मंडळाची ही जुनी शिस्त. अंदाजपत्रकाच्या बैठकीआधी एकानं तीन मिनिटं चिंतन करायचं. विचार एकच, तोही नम्रतेचा. बैठकीतल्या विषयाचं नाव काढायचं नाही, कुणाकडे बोट दाखवायचं नाही. ‘तुम्ही’ म्हणायचं नाही, ‘मी’ किंवा ‘आपण’ म्हणायचं. मग एक मिनिट शांतता, दोन ओळींची प्रार्थना आणि कामाला सुरुवात. चिंतन करणाऱ्यानं मात्र पुढं समारोपापर्यंत मौन पाळायचं, म्हणजे देवाच्या नावावर कुणी आपलं घोडं दामटत नाही.

“तुमच्यासारखं बोलणारं आहे कोण हो आपल्यात?” असं म्हणून एकनाथरावांनी यंदाचा मान यशवंतरावांना दिला होता. पस्तीस वर्षं नारायणगुड्यात शाळेत शिकवलेल्या माणसाला हे वाक्य पुरेसं झालं. आठ दिवस ते आरशासमोर नम्र होत होते.

यंदा त्यांचा स्वतःचाही एक अर्ज होता. सभागृहाला नऊ पायऱ्या होत्या. त्यांच्या पत्नी कुसुमताईंचा उजवा पाय दोन वर्षांपूर्वी लुळा पडला, तेव्हापासून त्या दर गुरुवारी खालीच चाकाच्या खुर्चीत बसून कर्ण्यातून भजन ऐकत. लोकांच्या चपला तिथंच निघत, त्यामुळे मंडळाला आयती राखणदारीण मिळाली होती. यशवंतरावांना पायऱ्यांशेजारी एक रॅम्प हवा होता, बस्स. एकदा मनं मऊ झाली की अर्ज आपोआप सरकेल, असा त्यांचा हिशेब होता. आजही कुसुमताई खाली चपलांपाशीच होत्या.

“आपण चपला खाली काढून वर येतो,” यशवंतराव म्हणाले, “पण मी माझी अकड घालूनच येतो. आज तीही खाली काढून ठेवू या. जाताना हवी असेल तर मिळेल, ती कुणी चोरत नाही. माझं मागणं मोठं वाटायला लागलं, की शेजारच्याचं आधी ऐकण्याची बुद्धी मला होवो.”

आवाज कुठं चढला नाही. चिटणीस मेधाच्या मोबाइलवर दोन मिनिटं पन्नास सेकंद झाली होती. शांततेत कुणीतरी नाक ओढलं. प्रार्थना झाली आणि यशवंतराव मौनात गेले.

पहिला विषय, सभागृहाला दोन एसी. “हैदराबादचा उन्हाळा है काका, सिर्फ पंख्यावर कसं होणार?” खजिनदार हर्षवर्धन म्हणाला. मंजूर झाले. दुसरा विषय, रॅम्प.

“उरलेल्या पैशांत एसीचं वायरिंग तेवढं बसतंय,” हर्षवर्धन म्हणाला. “अर्ज यशवंतकाकांचा आहे ना? काका, तुम्हीच सांगा ना, किती जरुरी आहे.”

“काका आज बोलू शकत नाहीत,” मेधा म्हणाली. “मौन आहे त्यांचं.”

“बोलायची गरजही नाही,” एकनाथराव हलकेच म्हणाले. “आत्ताच सांगितलं ना त्यांनी, शेजारच्याचं आधी ऐकावं. स्वतःचा अर्ज टेबलावर असताना हे बोलायला छाती लागते. एवढा मोठा त्याग आपण नाकारायचा म्हणजे त्यांचा अपमानच की हो.”

यशवंतरावांनी जोरजोरात मान हलवली.

“बघा,” एकनाथराव गहिवरले. “कौतुकसुद्धा नको म्हणतात.”

यशवंतरावांनी दोन्ही हात वर केले. समोरच्या दोघांनी परत नमस्कार केला. मग त्यांनी दाराकडे, पायऱ्यांच्या दिशेनं बोट दाखवलं. मेधानं उठून चहावाल्याला आवाज दिला. यशवंतरावांच्या ओठांशी शब्द आला होता. पण दहा मिनिटांपूर्वीच त्यांनी अकड चपलांजवळ काढून ठेवली होती, आणि ती आणायला सगळ्यांदेखत खाली जाणं त्यांना जमेना. टाळ्या वाजल्या. अर्ज मागं घेतल्याची नोंद झाली. मेधानं पुढं लिहिलं, ‘चिंतन अत्यंत प्रभावी झाले.’

समारोप झाला आणि मौन सुटलं, तेव्हा बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. खालून कुसुमताईंचा आवाज आला. “अहो, कर्णा चालू होता, तुमचं चिंतन इथवर ऐकू आलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. पुढं बंद केला कुणीतरी. आपलं काय झालं?”

“येतो,” यशवंतराव म्हणाले, आणि दारातच थांबले.

तिथं चिंतनकर्त्यांच्या नावांची पाटी होती. मेधा खडूनं त्यांचं नाव लिहीत होती. रंगारी पुढच्या आठवड्यात येणार होता. त्यांनी आज पहिल्यांदा ती पाटी वरपासून वाचली. दत्तोबा. त्या वर्षी त्यांना प्यायच्या पाण्याची टाकी हवी होती. मालनबाई. त्या वर्षी बायकांसाठी संडास. त्रिवेणीताई, म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या. प्रत्येकाच्या त्यागाला यशवंतरावांनी स्वतः, मनापासून टाळ्या वाजवल्या होत्या.

त्यांनी पाटी खालपर्यंत वाचली, मग नजर पुन्हा वर नेली. एकनाथरावांचं नाव कुठंच नव्हतं. चौदा वर्षांत बिचाऱ्यांनी तो मान एकदाही स्वतःकडे घेतला नव्हता.