नावाचं माप

नाव उंबरठ्यावरच मोडलं. आईने हात जोडले, हसून "या, या" म्हटलं, आणि आठवडाभर घोकलेलं पाहुण्या बाईंचं नाव ऐन वेळी अर्ध्यात अडकलं. मधलं अक्षर चुकलं, शेवटचं तर तोंडातच राहिलं. मागे उभ्या असलेल्या लेकीने डोळे मिटून घेतले.

ज्याच्याशी लग्न करायचं तिने ठरवलं होतं, त्याची ही आई. दुसऱ्या मुलखातली, दुसऱ्या भाषेतली. दोनेक वर्षं लेकीचं त्यांच्या घरी जाणं-येणं होतं, आणि एवढ्या दिवसांत या बाईंनी तिला एकदाही नावाने हाक मारली नव्हती. "ये", "बस", "मुली, चहा घे", संपलं. मुलगा म्हणायचा, तिचा स्वभावच तसा. लेकीला ते पटत नव्हतं. जिचं नावसुद्धा घ्यावंसं वाटत नाही, तिला सून कोण करून घेईल? आज होकार की नकार ते कळणार होतं, आणि आईने दारातच माती खाल्ली होती.

"राहू द्या काकू," बाईंबरोबर आलेला मुलगा समजुतीने म्हणाला. "आमच्या नावांचं असंच होतं. आईला ऑफिसात सगळे नुसतं मॅडम म्हणतात. तुम्हीही तेच म्हणा."

वाट सोपी होती. 'विहीणबाई' म्हणूनही वेळ मारून नेता आली असती. पण आई पडली शिवणकाम करणारी. गिऱ्हाईक आलं की आधी त्याचं नाव विचारायचं, ते त्याच्यासमोर म्हणून दाखवायचं, आणि मगच गळ्यातली टेप काढायची, ही तिची रीत. अंदाजाने तिने कधी कापडाला कात्री लावली नव्हती.

"माझं चुकलं," ती बाईंना म्हणाली. "ज्या घरात लेक द्यायची, तिथलं नाव अर्धं कसं घेऊ? एकदा सावकाश सांगाल?"

तुमचं नाव भारी अवघड बाई, असं काही ती म्हणाली नाही. चूक हसण्यावारी नेली नाही, की दहा वेळा माफी मागून पाहुणीलाच अवघडून टाकलं नाही. बाईंनी नावाचे तुकडे पाडून सांगितलं. आई ऐकत होती आणि त्यांच्या ओठांकडेही बघत होती. मग तिने म्हणून पाहिलं आणि विचारलं, "बरोबर?"

"जवळ आलात," बाई म्हणाल्या.

मधलं अक्षर 'ख' नव्हतंच. ते त्याच्याही आतून, घशातून येत होतं. चष्म्याची काच पुसायला आपण तोंडाने वाफ सोडतो तसा श्वास, फक्त जरा खरखरीत. आईने तसा सोडला, शेवटचं अक्षर ओढून धरलं, आणि बाईंचा चेहरा उजळला.

"माझी आई असंच म्हणायची," त्या हळूच म्हणाल्या.

"मग जमलं म्हणायचं. या, बसा," आई म्हणाली आणि तो विषय तिथेच मिटला. चहा देताना तिने ते नाव पुन्हा घेतलं, साखर विचारण्यापुरतं. शिलाई मशीन दाखवताना आणखी एकदा घेतलं. तेव्हा जीभ थोडी घसरली, तर तिने ते त्याच दमात सुधारलं आणि पुढे बोलत राहिली. लेकीला वाटलं, होकार मिळो न मिळो, अशी आई मिळायला भाग्य लागतं. तिची मान आपोआप ताठ झाली.

बाई मात्र कापडाविषयी बोलल्या, गुडघेदुखीविषयी बोलल्या. लग्नाचा विषय काही निघेना. लेकीने कप उचलले, तेव्हाही "मुली, माझा राहू दे" एवढंच म्हणाल्या.

निघताना चपला घालता घालता त्या थांबल्या आणि आईकडे वळल्या.

"मलाही एक विचारायचं होतं. आज तुम्ही विचारलंत, म्हणून धीर झाला. तुमच्या मुलीच्या नावात 'ळ' आहे. आमच्या भाषेत तो नाही. एवढं छान नाव, मी मोडलं तर तिला वाईट वाटेल, म्हणून घेतच नाही. आरशासमोर रोज म्हणून बघते. मला शिकवाल?"

मुलगा आपल्या आईकडे बघतच राहिला.

"जिभेचं टोक वर वळवा," आई म्हणाली. "टाळूला लावा. आता सोडा."

पहिल्यांदा 'ल' आला. दुसऱ्यांदा 'ड' आला. तिसऱ्या वेळी बाई लेकीकडे वळल्या, तिचा हात हातात घेतला, तिचं नाव पहिल्यापासून शेवटपर्यंत घेतलं आणि विचारलं, "बरोबर? मग आता आपल्या घरी कायमची कधी येतेस?"