ऑफिसचा विषय नाही

दार लगोवोनेच उघडलं आणि हेरू पायरीवरच थबकला. चार महिने आजारी रजेवर असलेला माणूस ऑफिसच्या खाकी गणवेशात उभा होता. शर्टाला कडक इस्त्री, छातीवर नावाचा बिल्ला, केसांना ताजा कलप. पट्टा सैल व्हावा म्हणून त्याच्या टोकाकडे घरीच खिळ्याने तीन नवी भोकं पाडलेली होती.

"ये, दिक," तो म्हणाला. धाकट्या भावाला हाक मारावी तसा तो हेरूला बारा वर्षं 'दिक' म्हणत आला होता आणि हेरू त्याला 'मास', म्हणजे दादा. इंडोनेशियातल्या सेमारांग शहराच्या जन्म-मृत्यू नोंदणी ऑफिसात दोघांची टेबलं एकमेकांना खेटून होती.

या भेटीचा हेरूने पुष्कळ विचार केला होता. सगळं ऑफिस व्हॅन करून निघालं होतं, फळांची परडी घेऊन, आजाऱ्याला मधे बसवून फोटो काढायला. ते त्याने थांबवलं. साहेबांनी 'जाताजाता विचार, कधी रुजू होतोय' असं सुचवलं, तेव्हा 'ते पत्राने विचारा, मी त्यांना भेटायला चाललोय' असं त्याने सरळ सांगितलं. आणि लगोवोला एकेक शब्द तोलून निरोप पाठवला : 'उद्या दहाला अर्धा तास येऊ का? नको वाटलं तर उत्तरही देऊ नका. ऑफिसचा विषय नाही, नुसता भेटायला.'

उत्तर आलं होतं : 'ये.'

हेरूने आल्याच्या पाकातला मऊ टोफू आणला होता. लगोवोची बायको, मुर्नी, तो डबा घेऊन आत गेली. हेरूने गल्लीतल्या नव्या गटाराची गोष्ट काढली, मग आपल्या सासऱ्यांच्या कबुतराची. लगोवो ताठ बसून ऐकत होता. खुर्चीच्या पाठीला तो टेकत नव्हता. ओठावर घाम होता.

"डॉक्टर म्हणाले, रक्त सुधारलंय," तो मधेच म्हणाला. "पंधरा दिवसांत येतो मी."

हेरूने नुसती मान हलवली. वा, छान, असं म्हणावं तर तो शब्द लगोवोच्या मानेवर बसला असता. घाई कशाला म्हणावं, तर तो दुसऱ्या बाजूने लागला असता.

लगोवोने टीपॉयखालून एक वही काढून पुढे केली. पानंच्या पानं त्याच्याच सह्यांनी भरली होती. सुरुवातीच्या पानांवरची सही ओळीखाली घसरली होती. शेवटच्या पानावर ती जवळजवळ सरळ होती.

"दाखल्यावर चालेल की नाही, सांग."

"मास, मी कुणाकडून आलेलो नाही," हेरू म्हणाला.

"माहीत आहे. तू भला माणूस आहेस." लगोवो हसला. "म्हणून तर तुला पाठवलं त्यांनी."

अर्धा तास झाला. हेरू ठरल्याप्रमाणे उठला. सपाता घालायला तो ओट्यावर आला, तशी मुर्नी मागोमाग आली आणि तिने दार ओढून घेतलं. ती हळू आवाजात सांगत गेली. कालपासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. तुमचा निरोप तीनदा वाचला. ऑफिसचा विषय नाही असं का लिहील, म्हणाले, तिथला माझा विषय संपलाच असणार. आज सकाळची दुखण्याची गोळी घेतली नाही. गोळीने गुंगी येते, आणि तुमच्यासमोर डोळे मिटले तर तुम्ही तिकडे जाऊन काय सांगाल, अशी भीती. यकृताच्या कर्करोगाचं दुखणं, आणि सकाळपासून कळ सोसून बसलेत.

हेरूची एक सपात पायात होती. ती त्याने काढली आणि तो आत गेला.

लगोवो खुर्चीत वाकला होता. हेरूला पाहून सावरायला लागला.

"राहू द्या, मास. माझं चुकलं. मी नको तेवढं जपून लिहिलं," हेरू म्हणाला. "गोळी घ्या. तुम्ही झोपा. मी बसतो, मला काही बोलायचं नाही."

लगोवो मग सावरायचा थांबला. "माझ्या खुर्चीवर कोण आहे?"

आता त्यानेच विचारलं होतं. खोटं बोललं असतं तर ते लगोवोला कळलं असतं.

"दोन नंबरच्या खिडकीवरची रेतनो. सोमवारपासून."

"जमतं तिला?"

"जमतं."

"जुन्या लोकांची नावं नीट वाचायला सांग तिला. घाईत एक अक्षर चुकतं, आणि मग पेन्शन अडते."

"सांगतो."

लगोवोने मान डोलावली. मुर्नीने गोळी आणि पाणी दिलं. ते त्याने मुकाट्याने घेतलं. मग तो बिल्ला काढू लागला, पण बोटांना टाचणी सापडेना. हेरूने खाली बसून तो काढला, शर्टाची बटणं सोडली, पट्टा सोडला. खाली बनियनमध्ये पोट तट्ट फुगलेलं आणि बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. दोघांनी त्याला धरून पलंगावर निजवलं.

हेरू शेजारी जमिनीवर बसला. पंखा फिरत होता. हळूहळू लगोवोची आवळलेली मूठ सैल पडली, आणि हेरूला वाटलं, झोप लागली.

"दिक." त्याचे डोळे मिटलेलेच होते. "आज शनिवार ना?"

"हो, मास."

"मग काय," लगोवो पुटपुटला, "आज सुट्टीच आहे."