घरभर आवाज

परदेशी नोकरीला गेलेल्या मैत्रिणीचा सणाच्या सकाळीच फोन आला. "फुलांची चित्रं पाठवू नकोस हं. उठल्यापासून तीच येतायत. खोली नुसती खायला उठते गं."

मग मी फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. "सणाच्या शुभेच्छा गं बाई," एवढंच म्हणाले आणि कामाला लागले. भांड्यांचा खणखणाट, आईची आरडाओरड, भाचरांची भांडणं, बाबांचा खोकला, सगळं जसंच्या तसं पाठवून दिलं. "ऐकतेच आहे," तिने लिहिलं.

संध्याकाळी तिच्या आईला भेटायला गेले. काकू खुशीत होत्या.

"उगाच जिवाला घोर लावून घेतला होता मी. पोरीने तिथे किती माणसं जमवलीत, ऐक!"

त्यांच्या फोनमधून आमचं स्वयंपाकघर ऐकू आलं. माझ्या शुभेच्छा तेवढ्या तिने कापल्या होत्या.

"हे कुणीतरी वडीलधारं खोकतंय बघ. त्यांना गरम पाणी दे, म्हणून लगेच कळवलं मी तिला."

"मग?"

"'दिलं गं आई,' म्हणाली."