सही होण्याआधी

सही होण्याआधी दर बदलला, तर पावती रद्द करून नवी काढायची, हा फॉरेक्स काउंटरचा नियम. कारकुनाने समोरच्या काकूंची पाचवी पावती रद्द केली. गेलेल्या नवऱ्याच्या कपाटात सापडलेले डॉलर विकायला त्या आल्या होत्या. त्यांनी पेन उचललं, की बोर्डावर खरेदीचा दर वाढायचा.

"काकू, आज नशीब जोरावर आहे तुमचं!"

सहाव्यांदा मात्र खरेदीचा दर विक्रीच्या वर गेला. कमी दराने घ्यायचं नि जास्त दराने विकायचं, यावरच तर काउंटर चालतं. कारकुनाने हेड ऑफिसला फोन लावला.

"आम्ही सकाळी एकदाच दर पाठवलाय," उत्तर आलं.

काकूंनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे कान दिला आणि पेन खाली ठेवलं.

"जरा थांबू या. हे म्हणतायत, अजून वाढेल."