नुब्तुमची किंमत

शेजारच्या इलशू सरदाराने आमची गुलाम नुब्तुम हिचा डोळा फोडला आणि वर म्हणतो, “मला कोण विचारणार?”

मी विचारणार! पाटीशाळेत शिकते मी. देवळातल्या दगडावर कोरलेला राजाचा कायदा मी न्यायाधीशांपुढे धडाधड वाचला: सरदाराचा डोळा फोडला, तर डोळ्याला डोळा. साध्या माणसाचा फोडला, तर एक मिना वजनाची चांदी. गुलामाचा फोडला, तर त्याची निम्मी किंमत. इलशूचं तोंड पडलं. मुकाट चांदी दिली त्याने!

मी नाचतच नुब्तुमकडे गेले. “जिंकलो गं आपण!”

“मला काय मिळालं, ताई?”

ओसरीवर बाबा चांदी तोलत होते. “निम्मी किंमत तर आली,” ते आईला म्हणाले. “उद्या हिला विकू, म्हणजे दोन डोळ्यांची घेता येईल.”